झाडातलं पाणी: लघुउत्तरं लिहायची तर पानापासून सुरू करा

दहावी-अकरावीच्या पोरांची विज्ञानाची उत्तरं तपासायला बसलो की एक वाक्य हमखास येतं, "वनस्पती मुळांद्वारे पाणी शोषून घेते व ते खोडामार्फत पानांपर्यंत पोहोचवते." यात चूक काहीच नाही, पण प्रश्न होता "पाणी वर कसे चढते" आणि पोराने "पाणी वर चढते" एवढंच परत लिहून दिलंय, मग दोनातला अर्धा मार्क तरी कशाचा द्यायचा.

मला विचाराल तर गडबड सुरुवातीतच आहे. सगळे मुळापासून सुरू करतात, कारण पाणी तिथून आत येतं. पण पाण्याला वर खेचणारं जे काही आहे ते पानात आहे. उत्तर पानापासून सुरू केलं की बाष्पोत्सर्जन, झायलेम, फ्लोएम आणि पाणी कमी-जास्त का उडतं हे चारही टॉपिक एकाच दोरीला लागतात आणि पाठांतर निम्म्याने कमी होतं. खाली जे प्रश्न नेहमी येतात ते त्याच क्रमाने घेतलेत, आधी समजून घ्या आणि मग लिहायचं उत्तर बघा.

प्रश्न १. बाष्पोत्सर्जन म्हणजे काय? (२ मार्क)

पुस्तकात कुठे बाष्पोत्सर्जन असतं, कुठे बाष्पोच्छ्वास, दोन्ही एकच, इंग्रजी मीडियमवाले ट्रान्सपिरेशन म्हणतात. मार्क जातो तो "पानातून पाणी बाहेर टाकले जाते" असं लिहिल्यामुळे. पाणी नाही, वाफ. पानाच्या आतल्या पेशींच्या भिंती ओल्या असतात, त्या भिंतींवरचं पाणी पानातल्याच बारीक हवेच्या पोकळ्यांमध्ये वाफ होऊन मिसळतं आणि तिथून पर्णरंध्रांतून बाहेर जातं. म्हणजे वाफ पानाच्या आतच होते, रंध्र हे फक्त दार आहे.

मग सकाळी अळूच्या पानाच्या टोकाला थेंब लटकलेला दिसतो तो काय? तो बाष्पोत्सर्जन नाही. रात्री रंध्रं मिटलेली असतात, जमीन ओली असते, मुळात पाणी येतच राहतं आणि मुळाच्या दाबाने ते पानाच्या टोकाच्या खास छिद्रांतून द्रव रूपातच बाहेर पडतं, त्याला बिंदुस्राव म्हणतात. ते दवही नाही, दव हवेतून येऊन सगळ्या पानावर बसतं आणि हे थेंब टोकालाच किंवा कडेलाच दिसतात. "फरक लिहा" मध्ये हा प्रश्न पडतो म्हणून सांगितलं.

लिहायचं उत्तर: "वनस्पतीच्या हवेतील भागांतून, मुख्यतः पानांवरील पर्णरंध्रांतून, पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडण्याच्या क्रियेला बाष्पोत्सर्जन म्हणतात. यामुळे पानांत ओढ तयार होऊन पाणी व क्षार वर येतात आणि पान थंड राहते." पहिलं वाक्य एक मार्क, दुसरं एक मार्क.

प्रश्न २. उंच झाडात पाणी शेंड्यापर्यंत कसं पोचतं? (३ मार्क)

इथे जरा थांबू, कारण खरा मुद्दा हाच आहे आणि "झाड पाणी ओढतं" म्हटलं की संपलं असं नाही.

विहिरीवर मोटर बसवलेली बघितलीय ना? वर बसवलेली मोटर पाण्यापासून फार उंच ठेवली तर पाणी उचलतच नाही, म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोटर विहिरीत खाली उतरवावी लागते. कारण साधं आहे, मोटर पाणी ओढत नाही, ती पाईपातली हवा काढते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो, आणि हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त १० मीटरच्या आसपासच उचलू शकतो, गळती आणि घर्षण धरून प्रत्यक्षात तेवढंही नाही. आता कोकणातला माड बघा, २० मीटर सहज उंच. तिथे मोटरचा हिशेब चालतच नाही.

चालतं ते असं. पानाच्या आतल्या पेशीच्या भिंतीवरून पाण्याचा एक रेणू वाफ होऊन उडाला की मागचं पाणी त्याची जागा घ्यायला सरकतं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, याला कोहेजन म्हणतात, त्यामुळे मागच्याच्या मागचाही ओढला जातो आणि असं करत करत पानापासून मुळापर्यंत पाण्याची एक न तुटलेली दोरी ताणली जाते. शिवाय रेणू झायलेमच्या भिंतींनाही चिकटतात, ते अ‍ॅडहेजन. ही दोरी ओढली जाते तेव्हा ती ताणात असते, दाबात नाही. डिक्सन आणि जोली यांनी ही कल्पना १८९४ मध्ये मांडली आणि आजही उंच झाडांसाठी हेच उत्तर धरलं जातं.

"मूळदाबामुळे पाणी वर चढते" असं लिहिलं तर? अर्धं बरोबर. मूळरोमांत परासरणाने पाणी येतं, त्यामुळे खालून थोडा दाब तयार होतो, रात्री आणि छोट्या झाडात तो कामाचाही असतो, पण भर दुपारी पाणी सगळ्यात जास्त वर जात असतं तेव्हा तो दाब जवळपास नसतोच. म्हणून मूळदाब एका ओळीत लिहा आणि मुख्य कारण बाष्पोत्सर्जनाची ओढ असं ठामपणे म्हणा.

लिहायचं उत्तर: "पानांतून बाष्पोत्सर्जन झाल्याने पानातील पेशींत पाणी कमी होते व ओढ तयार होते. पाण्याचे रेणू कोहेजनमुळे एकमेकांना व अ‍ॅडहेजनमुळे झायलेमच्या भिंतींना चिकटून राहत असल्याने झायलेममधील पाण्याचा सलग स्तंभ वर ओढला जातो. मूळरोमांत परासरणाने शिरलेले पाणी या स्तंभात येऊन मिळत राहते, मूळदाब फक्त थोडी मदत करतो."

प्रश्न ३. झायलेमच्या नळ्या मृत का असतात? (२ मार्क)

झायलेम म्हणजे जलवाहिनी. पोरं लिहितात "झायलेम मृत असते कारण त्यात केंद्रक नसतं". अरे, हे म्हणजे माणूस मेला कारण तो श्वास घेत नव्हता. विचारलंय ते मृत असण्याचा फायदा काय. पेशीतला जीवरस गेला की पोकळ नळी उरते, वाटेत अडथळा नाही. फुलझाडांत या पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि मधल्या भिंती गळून गेल्यामुळे सलग पाईप तयार होतो. भिंतीत लिग्निन भरलेलं असतं, म्हणून आतला ताण कितीही वाढला तरी नळी चपटी होत नाही. स्ट्रॉ फार जोरात ओढली की पिचकते ना, तसं इथे होत नाही.

घरी बघायचं असेल तर पावसाळ्यात तेरड्याचं रोप मुळासकट उपटा, खोड जवळजवळ पारदर्शक असतं. मुळं धुऊन, लाल शाईच्या पाण्यात ठेवून ऊन येतं तिथे ग्लास ठेवा. काही वेळाने खोडात लाल रेघा चढताना बाहेरूनच दिसतात. ब्लेडने आडवा काप घेतला तर लाल ठिपके दिसतील, सगळं खोड लाल नाही. ते ठिपके म्हणजे झायलेम. रेघा दिसल्याच नाहीत तर बहुतेक शाई फार घट्ट केली असते किंवा रोप आधीच सुकलेलं असतं, आणि तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते वेगळ्या अर्थाने, आपल्याला तीन दिवस लागत नाहीत.

प्रश्न ४. झायलेम आणि फ्लोएम यांतला फरक एका प्रयोगाने स्पष्ट करा (३ मार्क)

इथे मी पोरांना फरकाचा तक्ता पाठ करायला लावत नाही, सांगोल्याकडे डाळिंबाची गुटी कशी बांधतात ते सांगतो. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना हे माहितीच असतं, फक्त त्यामागचं शास्त्र जोडायचं.

पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी घेतात. तिच्यावर साधारण अडीच-तीन सेंटीमीटर रुंदीची सालीची कडी गोल काढून टाकतात, आतलं लाकूड मात्र तसंच ठेवतात. उघड्या भागावर ओलं शेवाळ गुंडाळून वरून प्लॅस्टिक घट्ट बांधतात. काही आठवड्यांनी कापाच्या वरच्या कडेला गाठीसारखं फुगतं आणि तिथूनच मुळं फुटतात. या सगळ्या काळात फांदीची पानं हिरवीगार राहतात, सुकत नाहीत.

आता दोन प्रश्न विचारा. पानं का सुकली नाहीत? कारण पाणी वर नेणारं झायलेम लाकडात आहे आणि लाकूड आपण कापलं नाही. वरची कडा का फुगली? कारण पानात तयार झालेली साखर खाली नेणारं फ्लोएम सालीत आहे, साल काढल्यावर तिचा रस्ता बंद झाला आणि साखर कापाच्या वर साचली. (वरून येणारे वाढीचे हार्मोनही तिथेच अडतात, म्हणून मुळं फुटतात, पण तीन मार्काच्या उत्तरात हे नाही लिहिलं तरी चालेल.)

गुटी फसते तेव्हाही हेच कळतं. चाकू खोल गेला, लाकडात घुसला तर वरची पानं काही दिवसांत माना टाकतात, म्हणजे झायलेम तुटलं. उलट साल काढून खालचा बुळबुळीत थर खरवडलाच नाही तर तो थर परत साल तयार करतो, रस्ता जोडला जातो आणि मुळं फुटत नाहीत. माझ्या स्वतःच्या पहिल्या चार गुट्यांपैकी तीन अशा गेल्या, वडील नुसते हसले.

फ्लोएमबद्दल आणखी एक गोष्ट जिथे पोरं घसरतात. "झायलेम पाणी वर नेते, फ्लोएम अन्न खाली नेते." फ्लोएम फक्त खाली नेत नाही. साखर जिथे तयार होते किंवा साठलेली असते तिथून ती जिथे लागते तिकडे जाते, म्हणजे पानातून मुळाकडे, पण पानातून वरच्या फुलाकडे आणि फळाकडेही, आणि कांदा साठवणीतून फुटतो तेव्हा कांद्यातून कोंबाकडे वर. शिवाय जी साखर वाहते ती मुख्यतः सुक्रोज, ग्लुकोज नाही. आणि फ्लोएमच्या नळ्या जिवंत असतात, त्यांना केंद्रक नसतं, शेजारची सहपेशी त्यांचा कारभार बघते.

वाहण्याची पद्धतही उलटी आहे. पानाजवळ फ्लोएममध्ये साखर भरली जाते, त्यासाठी ऊर्जा खर्च होते, साखर वाढल्यामुळे शेजारच्या झायलेममधून परासरणाने पाणी आत येतं आणि दाब वाढतो, आणि जिकडे साखर वापरली जाते तिकडे दाब कमी असतो म्हणून रस ढकलला जातो. ही मुंख यांची १९३० ची कल्पना. झायलेममध्ये ओढ, फ्लोएममध्ये ढकल, एवढं डोक्यात राहिलं तरी बाकीचा तक्ता आपोआप लिहिता येतो. ज्वारीवर मावा पडला की पानं चिकट होतात, शेतकरी त्याला चिकटा म्हणतात, तो याच दाबाचा पुरावा आहे. मावा आपली सोंड फ्लोएममध्ये खुपसतो, रस दाबाने त्याच्या पोटात येतो आणि जास्तीची साखर मागून बाहेर पडते.

लिहायचं उत्तर: "फांदीवरील सालीची कडी काढल्यास पाने सुकत नाहीत, कारण पाणी वाहून नेणारे झायलेम आतील लाकडात शाबूत असते. कापाच्या वरचा भाग फुगतो, कारण सालीतील फ्लोएम तुटल्याने खाली जाणारी साखर तेथे साचते. यावरून पाणी झायलेममधून व अन्न फ्लोएममधून वाहते हे दिसते."

प्रश्न ५. पाणी जास्त का उडतं, पोटोमीटरने दाखवा (प्रॅक्टिकल आणि ५ मार्क)

ऊन, तापमान, वारा, हवेतली आर्द्रता आणि मातीतलं पाणी, ही यादी सगळ्यांना येते. मार्क "कारण" लिहिण्याचे असतात. पानाच्या आतली हवा जवळपास पूर्ण ओली असते आणि बाहेरची त्याहून कोरडी, हा जो फरक आहे त्यावर वाफ किती वेगाने बाहेर जाणार ते ठरतं, आणि दार किती उघडं आहे हे पर्णरंध्र ठरवतं. प्रत्येक घटकाचं उत्तर लिहिताना स्वतःला विचारा, हा फरक बदलतोय की दार?

आता प्रयोग. कॉलेजमध्ये गॅनाँगचा पोटोमीटर असतो, आडवी कॅपिलरी नळी, बाजूला पाण्याची छोटी टाकी आणि तिला कॉक. आम्ही जास्वंदीची फांदी घेतो. पहिली गोष्ट, फांदी झाडावरून तोडल्यावर बादलीत बुडवून पाण्याखालीच परत तिरका काप घ्या. हवेत तोडली की ताणलेला पाण्याचा स्तंभ तुटतो आणि नळीत हवा घुसते, मग ती फांदी पाणी नीट ओढत नाही. गजऱ्यासाठी नाही पण फुलदाणीसाठी निशिगंध आणणारे देठ पाण्याखाली परत कापतात ते याचसाठी.

फांदी रबरी बुचात घट्ट बसवा, जोडावर व्हॅसलीन लावा, पाने कोरडी पुसून घ्या आणि नळीत हवेचा एकच बुडबुडा घ्या. फांदीला नव्या जागेची सवय व्हायला दहा मिनिटं द्या आणि मगच वाचन घ्या. आमच्या नळीचा आतला व्यास १ मिमी होता, वाचन ५ मिनिटांचं. साध्या हवेत बुडबुडा २० मिमी सरकला. समोर टेबलफॅन लावला तेव्हा ३८ मिमी. फांदीवर पारदर्शक पिशवी घातली तेव्हा ६ मिमी.

हिशेब लांबीवर सोडू नका, पाणी किती ते काढा. त्रिज्या ०.५ मिमी, म्हणून साध्या हवेत ३.१४ × ०.५ × ०.५ × २० = १५.७ घनमिमी, भागिले ५ म्हणजे मिनिटाला ३.१४ घनमिमी. (योगायोगाने पाय आला, एका पोराने मला सांगितलं की सर तुम्ही चुकलात, नाही चुकलो, परत करून बघा.) फॅनसमोर ३.१४ × ०.२५ × ३८ = २९.८३, म्हणजे मिनिटाला साधारण ६. पिशवीत ४.७१, म्हणजे मिनिटाला ०.९४.

कारण असं. पानाला चिकटून ओलसर हवेचा पातळ थर असतो, फॅन तो उडवून नेतो, फरक वाढतो. पिशवीत उलट होतं, आत आर्द्रता वाढते आणि फरक कमी होतो, पिशवीच्या आत थेंबही जमलेले दिसतात. म्हणूनच मे महिन्यात विदर्भातल्या कोरड्या उन्हात झाड जितकं पाणी घालवतं तितकं कोकणात त्याच तापमानाला घालवत नाही. तापमानाचंही तसंच, २० अंशांना एक घनमीटर हवा साधारण १७ ग्रॅम वाफ धरू शकते आणि ३० अंशांना ३० ग्रॅम, त्यामुळे गरम हवेला वाफेची भूक जास्त. प्रकाश मात्र दारावर काम करतो, रंध्रांच्या रक्षक पेशींत पोटॅशियम येतं, मागून पाणी येतं, त्या फुगून वाकतात आणि मधलं छिद्र उघडतं. मातीत पाणी कमी पडलं किंवा वारा फारच सोसाट्याचा झाला की झाड दार मिटतं, तेव्हा "वारा वाढला की बाष्पोत्सर्जन वाढतंच" असं लिहू नका, "काही मर्यादेपर्यंत" हे दोन शब्द घाला.

बुडबुडा हलतच नसेल तर जोड गळतोय का बघा, व्हॅसलीन परत लावा. बुडबुडा उलटा जात असेल तर बहुतेक कॉक नीट बंद नाही, टाकीतलं पाणी त्याला मागे ढकलतंय. आणि पोटोमीटर नक्की काय मोजतो हा तोंडी परीक्षेतला आवडता सापळा आहे. तो बाष्पोत्सर्जन मोजत नाही, फांदीने किती पाणी घेतलं ते मोजतो. ओढलेल्या पाण्यापैकी थोडंच पाणी झाड वापरतं किंवा पेशींत ठेवतं, बाकी उडतं, म्हणून दोन्ही जवळपास सारखे धरतो.

लिहायचं उत्तर, वाऱ्याचं: "वारा पानालगतची ओलसर हवा दूर नेतो. त्यामुळे पानाच्या आतील व बाहेरील वाफेच्या प्रमाणातील फरक वाढतो व बाष्पोत्सर्जनाचा वेग काही मर्यादेपर्यंत वाढतो. वारा फार जोरात असल्यास पर्णरंध्रे मिटून वेग कमी होऊ शकतो." आर्द्रतेचं आणि तापमानाचं याच साच्यात बसवा.

प्रश्न ६. वांग्याची रोपं संध्याकाळी का लावतात आणि लावताना काही पानं का खुडतात? (२ मार्क, उपयोजनाचा)

हा वरच्या सगळ्याचा एकत्र प्रश्न आहे आणि अवघड वाटतो, पण दोनच बाजू बघायच्या, येणं आणि जाणं. रोप उपटताना मूळरोम तुटतात, म्हणजे पाणी येणं कमी झालं. मग पाणी जाणंही कमी केलं पाहिजे. संध्याकाळी ऊन नाही, तापमान कमी, रंध्रं मिटत आलेली. पानं खुडली की वाफ जायला जागाच कमी.

लिहायचं उत्तर: "रोप उपटताना मूळरोम तुटल्याने पाण्याचे शोषण कमी होते. संध्याकाळी तापमान व प्रकाश कमी असल्याने आणि काही पाने काढल्याने बाष्पोत्सर्जन कमी होते, म्हणून नवीन मूळरोम येईपर्यंत रोप सुकत नाही."